उपरोक्त विषयास अनुसरून

गेल्या वर्षी नवरात्र संपता संपता एका मित्राच्या कारखान्यात सहज म्हणून गेलो होतो. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत त्याचे टॉवेलचे माग आहेत. सोलापुरी चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ते मानांकन अंगावर वागवणारी माणसे सुताच्या भावात आणि मुंबईच्या व्यापाऱ्याने दिलेल्या तारखांत किती गुरफटलेली असतात, हे त्या रस्त्याला गेल्याशिवाय कळत नाही. त्या दिवशी माग चालू होते, आवाज नेहमीचाच होता. पण माल ठेवायच्या खोलीत मित्र एका स्टुलावर बसला होता आणि समोर टेबलावर वजनकाटा मांडलेला होता. काट्यावर एक पांढरा टॉवेल होता. आकडा ४४२ ग्रॅमचा होता.

मुंबईहून आलेला तपासनीस शांतपणे टॉवेल बदलत होता. दुसरा ४४०, तिसरा ४४१. चौथा त्याने काट्यावर ठेवलाच नाही. ‘‘४९० पाहिजेत,’’ तो म्हणाला. मित्राने फाईल उघडून ऑर्डरचा छापील कागद पुढे केला. त्यावर स्वच्छ अक्षरांत ४५० जीएसएम लिहिलेले होते. तपासनिसाने कागद पाहिला, मान हलवली आणि मुंबईला फोन लावला. फोनवरचा आवाज मलाही ऐकू येत होता. ‘‘अहो, मेलमध्ये कळवलंय की! बदललंय म्हणून!’’

‘‘कुठे कळवलंय?’’

‘‘सब्जेक्टमध्ये!’’

आता या ठिकाणी टॉवेलविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण नुकसान किती झाले ते त्याशिवाय समजणार नाही. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. टॉवेल ७० बाय १४० सेंटीमीटरचा असेल तर त्याचे क्षेत्रफळ होते ०.९८ चौरस मीटर. ४५० जीएसएमने तो ४४१ ग्रॅमचा भरतो, ५०० जीएसएमने ४९० ग्रॅमचा. फरक ४९ ग्रॅमचा. हातात घेऊन बघाल तर नवख्याला कळणारही नाही. कापडाचा १०० चौरस सेंटीमीटरचा गोल तुकडा कापून तोलायचे एक यंत्र असते. त्यावर हा फरक अवघा अर्ध्या ग्रॅमचा दिसतो, साडेचार की पाच. पण ऑर्डर सहा हजार नगांची होती. ४९ ग्रॅम गुणिले सहा हजार म्हणजे २९४ किलो सूत. तेवढे सूत त्या टॉवेलांत नव्हते, आणि ते मागाहून घालताही येत नव्हते. टेरी टॉवेलला दोन ताणे असतात: एक तळाचा, ताठ ओढलेला, दुसरा लूपचा, ढिला सोडलेला. लूपचा ताणा किती सोडायचा यावर टॉवेलची जाडी आणि वजन ठरते, आणि ते माग सुरू करताना ठरते. विणून झालेला टॉवेल हलका निघाला तर तो जन्मभर हलकाच. भाजीत मीठ कमी पडले तर वरून घालता येते, तसे इथे नाही.

मित्राने तो मेल शोधून काढला. मी तो त्याच्याच खांद्यावरून वाचला. नावे वगळून तो असा होता:

```
Subject: Re: PO 6000 pcs 70x140 white - now 500 gsm pls confirm
Attachment: PO_6000_rev_500gsm.xlsx

Dear Sir,
Please proceed as above and confirm dispatch date.
```

म्हणजे व्यापाऱ्याचा माणूस खोटे बोलत नव्हता. ५०० हा आकडा त्याने एकदा नव्हे, दोनदा कळवला होता: एकदा पत्राच्या विषयात आणि एकदा सोबतच्या फाईलच्या नावात. फक्त पत्राच्या आत तो नव्हता. आणि गंमत म्हणावी की दैवाचा खेळ, फाईलच्या आतही नव्हता. जुनीच ऑर्डर उघडून, नवे नाव देऊन, ‘सेव्ह’ करून पाठवलेली होती. नाव बदलले, आतला रकाना बदलायचा राहिला. आत ४५० तसेच.

माझ्या मित्राने काय केले असेल ते पाहा. सकाळी साडेनऊची वेळ, तो नव्या पेठेत बँकेच्या रांगेत उभा. खिशातला फोन वाजला. फोनच्या पडद्यावर विषयाची पहिली तीस-पस्तीस अक्षरे दिसतात, पुढे तीन टिंबे येतात. त्याला दिसले ते एवढे: ऑर्डर, सहा हजार नग, ७० बाय १४०, पांढरा. हे तर त्याला पाठच होते. नवे जे होते ते बरोबर टिंबांच्या मागे दडले. त्याने पत्र उघडले तेव्हा संपूर्ण विषय वर दिसत असणार, नाही असे नाही. पण ओळखीची सुरुवात असलेली ओळ आपण शेवटपर्यंत वाचत नाही. डोळा खाली मजकुरावर उडी मारतो. मजकुरात होते, वरीलप्रमाणे काम सुरू करा. वरील म्हणजे कोणते? त्याच्या मते, आधी ठरलेले. तरीही तो निष्काळजी माणूस नव्हे. दुपारी कारखान्यात येऊन त्याने सोबतची फाईल उघडून खात्री केली. फाईलमध्ये ४५० होते. झाले, समाधान. फाईलचा कागद छापला. एक्सेल आपणहून कागदावर फाईलचे नाव छापत नाही, त्यामुळे छापील प्रतीवर ५०० चा मागमूसही उरला नाही. त्याच्या भाच्याने पत्राचा मजकूर तेवढा उचलून कारखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला, जॉबरने तो वाचला, छापील कागद मागाशेजारी लटकवला, आणि माग चालू झाले.

यात बेपर्वाई कोणाची, हा प्रश्न मला त्या दिवसापासून छळतो आहे. पाठवणारा म्हणतो, मी कळवले. घेणारा म्हणतो, मला कळले नाही. दोघेही खरे बोलत आहेत. वकिलाने सांगितले की विषय हाही पत्राचाच भाग आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा, त्यात २००८ च्या दुरुस्तीने घातलेल्या १० अ कलमानुसार नुसता ई-मेलने झाला म्हणून करार फोल ठरत नाही, मग त्या ई-मेलच्या एका ओळीला वगळायचे कसे? असेल. पण कायद्याने विषय पत्रात मोडतो म्हणून माणसाचा डोळा त्याला पत्रात धरतो, असे थोडेच आहे? माझे मत सांगतो. दोष प्रथम पाठवणाऱ्याचा आहे. त्याने सांगायची गोष्ट पाकिटावर लिहिली आणि पाकिटात कोरा कागद घातला.

ही सवय कुठून आली असेल याचा विचार करताना मला माझी नोकरीची पहिली वर्षे आठवली. मी एका कचेरीत आवक टेबलावर चार वर्षे काढली आहेत. टपाल आले की पाकीट फोडायचे, पत्रावर तारखेचा शिक्का मारायचा, आवक क्रमांक टाकायचा आणि बारनिशीत नोंद करायची: पत्र कोणाचे, कोणत्या तारखेचे, विषय काय, कोणत्या टेबलाकडे. विषयाचा रकाना दोन बोटे रुंद. त्यात मावेल तेवढेच लिहायचे. आमचे हेडक्लार्क बजावून सांगत, ‘‘तुम्ही विषयाखालचे वाचायचे नाही. ते ज्याचे त्याने वाचायचे.’’ तेव्हा राग यायचा. आज वाटते, त्यात फार शहाणपण होते. विषय आवक कारकुनासाठी, मजकूर टेबलावरच्या माणसासाठी. विषय पत्राला वाट दाखवतो, मजकूर काम सांगतो. दोन निरनिराळ्या डोळ्यांसाठी लिहिलेल्या त्या दोन निरनिराळ्या गोष्टी.

आपल्या कचेरीच्या मराठीत म्हणून ते वाक्य रूढ झाले: ‘‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की...’’ या वाक्याची टवाळी पुष्कळ झाली आहे, मीही केली आहे. पण त्यातला तो ‘की’ फार मोलाचा होता. ‘की’ आला म्हणजे पुढे सगळी हकिकत नव्याने, पुरतेपणी लिहावीच लागे. नंतर नंतर लोकांनी ‘की’ गाळला. ‘‘उपरोक्त विषयी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’’ संपले पत्र! काय कार्यवाही, कोणत्या नावाची दुरुस्ती, कोणता गट क्रमांक, ते सगळे वर विषयाच्या तीन ओळींत कोंबलेले. ‘‘Please proceed as above’’ हे त्याच वाक्याचे साहेबी भावंड आहे. सोलापूरच्या कारखानदाराला इंग्रजीत पत्र लिहिणारा तो मुंबईचा माणूस आपल्याच कचेऱ्यांच्या वळणावर गेला होता.

मग कागदावर हे चालत होते आणि आता का अडते? कारण कागदावर विषय आणि मजकूर एकाच तावावर असत. तो ताव ज्या टेबलावर जाई तिथे दोघे एकत्र जात. मजकूर आला आणि विषय मागे राहिला, असे होणे शक्यच नव्हते. ई-मेलमध्ये ते शक्य आहे. नव्हे, ते रोज घडते. मित्राच्या भाच्याने मजकूर तेवढा उचलला तेव्हा त्याने काही गैर केले नाही. पत्र म्हणजे पत्रातला मजकूर, असेच कोणीही समजेल.

आणि ई-मेलची मूळ रचनाही तेच सांगते. १९८२ साली ‘आरएफसी ८२२’ या नावाचे जे नियम ठरले, त्यात पत्राचे दोन भाग केलेले आहेत. वरचा भाग शीर्षकांचा: कोणाकडून, कोणाला, केव्हा, विषय काय. खालचा भाग मजकुराचा. या दोहोंच्या मध्ये हद्द म्हणून काय आहे? फक्त एक कोरी ओळ. आजही तीच आहे. विषय त्या कोऱ्या ओळीच्या वरच्या अंगाला, पत्ता आणि तारखेच्या पंगतीला बसतो. आपल्याला तो पत्राचे पहिले वाक्य वाटतो, यंत्राच्या लेखी तो पाकिटावरचा शेरा आहे. पीजीपीसारख्या पद्धतीने कोणी पत्र कुलूपबंद करून पाठवले, तर मूळ रीतीप्रमाणे मजकूर कुलपात जातो आणि विषय उघडाच प्रवास करतो. यावरून काय ते समजावे. ज्याला गुप्त ठेवायचे ते मजकुरात लिहावे, असे सांगावे लागत असेल तर ज्याला वाचवायचे तेही मजकुरातच लिहावे हे ओघाने आले.

मराठीत विषय लिहिणाऱ्यांसाठी यात आणखी एक मेख आहे. ही शीर्षके मुळात रोमन अक्षरांसाठी घडवलेली. देवनागरी विषय पाठवला की तो रोमन चिन्हांच्या पुडक्यांत बांधून रवाना होतो आणि पलीकडे सोडवला जातो. ‘विषय’ हा एवढासा शब्द वाटेवर असा दिसतो:

```
Subject: =?UTF-8?B?4KS14KS/4KS34KSv?=
```

एका पुडक्याची मर्यादा ७५ चिन्हांची. त्यात देवनागरीची पंधराएक चिन्हे मावतात, आणि काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक वेगळी मोजली जाते. लांबलचक मराठी विषय म्हणजे अशा पुडक्यांची माळ. आजचे प्रोग्रॅम ती निमूटपणे सोडवतात. पण जुन्या यंत्रांवर, किंवा कचेऱ्यांतल्या अर्धवट जुळवलेल्या प्रणालींत, मजकूर नीट उमटलेला आणि विषयाच्या जागी वरच्यासारखा गुंता, असे मी स्वतः पाहिले आहे. ज्याने सांगायचे ते विषयातच सांगितले, त्याचे पत्र त्या गुंत्यात गेले.

विषय बदलण्याचा प्रकार तर याहून फसवा. माझ्या मित्राच्या प्रकरणात जुन्या पत्राला उत्तर देताना विषयाची शेपूट बदलली होती. जीमेलमध्ये एकाच विषयाची पत्रे एका साखळीत राहतात. विषय बदलला की साखळी तुटते आणि पत्र वेगळे जाऊन बसते. त्यामुळे महिन्याभराने कोणी जुनी साखळी उघडून ‘शेवटचे काय ठरले होते’ ते बघायला गेला, तर त्याला ४५० वरच संपलेला पत्रव्यवहार दिसतो. थंडरबर्डसारखे दुसरे काही प्रोग्रॅम उलटे वागतात: पत्र कोणत्या पत्राचे उत्तर आहे हे आतल्या खुणेवरून ओळखून, विषय बदललेला असला तरी ते जुन्याच साखळीत ओवतात. म्हणजे पाठवणाऱ्याला साखळी अखंड दिसते आणि घेणाऱ्याला तुटलेली. दोघे एकमेकांना फोनवर ‘‘अहो, समोरच तर आहे!’’ म्हणून ओरडत राहतात.

फाईलच्या नावाची गोष्ट याच घरातली, पण तिचा स्वभाव अधिक चंचल. पत्राचा विषय निदान पत्राला चिकटून तरी प्रवास करतो. फाईलचे नाव वाटेत बदलते, आणि बदलले हे कोणी सांगत नाही. तीच फाईल दुसऱ्यांदा उतरवली की नावापुढे कंसात १ येतो. विंडोजमध्ये नावात तिरकी रेघ चालत नाही, विसर्गासारखी दोन टिंबे चालत नाहीत. म्हणून ‘१२/३’ अशी तारीख नावात घालायला गेलेला माणूस ‘१२-३’ लिहितो, आणि पुढचा ती ‘बारा ते तीन’ वाचतो. आणि फोटोची तर व्हॉट्सअ‍ॅपवर नाममुद्राच पुसली जाते. फोटो म्हणून पाठवलेले चित्र पलीकडे उतरते ते `IMG-20200714-WA0007.jpg` असल्या नावाने. तुम्ही दिलेले नाव तुमच्याच फोनमध्ये राहते.

२०२० च्या टाळेबंदीत हा अनुभव घराघरांतल्या शिक्षकांना आला असेल. माझी मेहुणी शिक्षिका आहे. मुलांनी उत्तरपत्रिकांचे फोटो काढून पाठवायचे, असे ठरले होते. सूचना अशी गेली की प्रत्येकाने फाईलला आपले नाव आणि हजेरी क्रमांक द्यावा. हुशार मुलांनी तो दिला, अगदी बिनचूक दिला. एका वर्गाच्या उत्तरपत्रिका एका पालकाने गोळा करून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पुढे पाठवल्या, आणि मेहुणीच्या फोनवर दीडशेवर कागद आले, सगळे एकाच मुशीतल्या नावांचे. कागदावर कोणाचेच नाव नाही, कारण नाव फाईलला दिले होते! तिने ते अक्षरावरून ओळखले. सहावीच्या मुलांची अक्षरे ओळखणारी बाई होती म्हणून निभावले. ज्यांनी सूचना न वाचता कागदाच्या कोपऱ्यात नाव लिहिले होते, त्या दोन-चार ‘बेशिस्त’ मुलांचे पेपर तेवढे विनातक्रार तपासून झाले.

फाईलचे नाव आणि आतला माल यांत फारकत झाली की काय होते, याचा जगाने घेतलेला सर्वांत मोठा धडा ४ मे २००० चा आहे. त्या दिवशी फिलिपिन्समधून निघालेले एक पत्र जगभर पसरले. विषय होता `ILOVEYOU` आणि सोबतच्या फाईलचे नाव होते `LOVE-LETTER-FOR-YOU.TXT.vbs`. खरी गोष्ट शेवटच्या तीन अक्षरांत होती. टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर, निरुपद्रवी. पण व्हीबीएस म्हणजे चालवता येणारा प्रोग्रॅम. विंडोजची मूळ मांडणीच अशी की ओळखीच्या प्रकारच्या फाईलच्या नावाचे शेवटचे शेपूट लपवून ठेवायचे. बहुतेकांना नाव दिसले ते टीएक्सटीवर संपणारे. प्रेमपत्र म्हणून उघडले आणि त्या प्रोग्रॅमने त्यांच्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना तेच प्रेमपत्र पाठवले. जगभरातल्या लाखो संगणकांवर ते उघडले गेले. तिथे लबाडी होती, इथे आमच्या मित्राच्या प्रकरणात नुसता आळस. पण दोन्हीकडे निर्णायक अक्षरे नावाच्या शेपटीत होती आणि दोन्हीकडे ती दिसली नाहीत. विंडोजमध्ये ही शेपटे दाखवायची सोय आहे. फाईल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन `File name extensions` वर खूण करावी लागते. ती मूळची बंद असते. का बंद असते, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

यावर एक उलट मत आहे आणि ते मी ऐकून घेतले आहे. मित्राच्या भाच्यानेच ते मांडले. ‘‘काका, हल्ली मजकूर कोण वाचतो? लोक फक्त विषय बघतात. म्हणून मुद्दा विषयातच लिहावा.’’ त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. विषय नेमका असावाच. ‘ऑर्डरबाबत’ असला विषय लिहिणाऱ्याने लिहिलाच नसता तरी चालले असते. पण ‘विषयातही’ आणि ‘विषयातच’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुम्ही हे जे वर्तमानपत्र हातात धरले आहे त्याची रीत पाहा. बातमीचा मथळा उपसंपादक देतो, तो बातमी वाचून झाल्यावर. मथळ्यात जे आहे ते बातमीच्या पहिल्या दोन वाक्यांत असलेच पाहिजे. बातमीदार बातमी लिहितो ती मथळा नाहीच असे धरून. मथळा कापून टाकला तरी बातमी पुरी उभी राहते. ‘‘वरीलप्रमाणे घडले’’ अशी सुरुवात केलेली बातमी तुम्ही कधी वाचली आहे का?

केवळ विषयातच सगळे सांगून टाकण्याची एक प्रामाणिक रीतही आहे. इंग्रजीत काही लोक अशा विषयाच्या अखेरीस `(EOM)` लिहितात, म्हणजे निरोप इथेच संपला. ‘उद्याची चारची बैठक रद्द’ एवढेच सांगायचे तर पत्र उघडायला कशाला लावायचे? मराठीत ‘(एवढेच)’ लिहिले तरी भागेल. त्यात वाचणाऱ्याला बजावलेले असते की आत काही नाही, जे आहे ते इथेच, शेवटपर्यंत वाच. पण ती रीत निरोपाला, कामाच्या आकड्याला नव्हे. शिवाय हा निरोप फोनच्या पडद्यावरच्या त्या तीस-पस्तीस अक्षरांत मावला पाहिजे. नाही तर ‘रद्द’ हा शब्दच टिंबांच्या मागे जायचा आणि माणसे बैठकीला येऊन बसायची.

एक गोष्ट मात्र यंत्रांनी उलटी करून ठेवली आहे, असे मला वाटते. विषय न लिहिता पत्र पाठवायला गेलात तर प्रोग्रॅम सहसा हटकतो: विषय रिकामा आहे, तसेच पाठवू का? विषय भरलेला आणि मजकुरात काहीच सांगितलेले नाही, अशा पत्राला कोणी हटकत नाही. माझ्या हेडक्लार्कने नेमके उलटे केले असते. बिनविषयाचे पत्र त्यांनी वाचून, स्वतः विषय लिहून पुढे पाठवले असते. आणि ‘‘वरीलप्रमाणे व्हावे’’ असे पत्र आणणाऱ्याला पुन्हा लिहून आणायला लावले असते.

मित्राच्या कारखान्यात आता तीच पद्धत आहे. मागावर जायची चिठ्ठी छापील नसते, हाताने लिहिलेली असते. तीवर मापे, नग आणि जीएसएम हे तीनच रकाने, आणि प्रत्येक आकडा पत्राच्या मजकुरातून उतरवायचा. मजकुरात आकडा नसेल तर विषयात आहे का, फाईलच्या नावात आहे का, हे भाच्याने शोधायचे खरे, पण तो आकडा चिठ्ठीवर लिहायचा नाही. आधी उलट पत्र टाकायचे: ‘‘पूर्वी ४५० ठरले होते, विषयात ५०० दिसते, सोबतच्या तक्त्यात ४५० आहे, कोणते धरायचे?’’ आलेल्या उत्तरात आकडा असला तरच माग सुरू. नुसते ‘‘येस’’ आले तर पुन्हा पत्र. एक्सेलचा कागद छापताना तळाशी फाईलचे नाव छापून येईल अशी सोयही त्याने करून घेतली आहे; तळटिपेच्या जागी `&[File]` एवढे लिहिले की ते होते. नाव आणि आतला आकडा जुळत नसतील तर जॉबरच येऊन विचारतो. जॉबरला इंग्रजी फारसे येत नाही, पण आकडे येतात, आणि ४५० व ५०० एका कागदावर दिसले की त्याला ते खपत नाही. सुरुवातीला मुंबईकर वैतागले. एकाने फोन करून, ‘‘तुमच्याकडे वाचता येत नाही का कोणाला?’’ असेही विचारले. मित्र म्हणाला, ‘‘येतं की. म्हणून तर विचारतोय.’’

त्या सहा हजार टॉवेलांचे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. परदेशी गिऱ्हाइकाने ते घेतले नाहीत. पंधरा दिवस फोनाफोनी झाली, दोन वेळा भांडण झाले, आणि शेवटी व्यापाऱ्याने निम्मा माल भाव पाडून उचलला. उरलेला सणाच्या तोंडावर पूर्व भागातल्या दुकानांतून किरकोळीने गेला. सूत उसने आणलेले होते, ते फेडायला मित्राला संक्रांत उजाडली. दोन टॉवेल त्याने मलाही दिले, पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी हातात घेऊन पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘चांगले जाड आहेत की! परत का पाठवले?’’ मी त्यांना सगळी हकिकत सांगितली. ऐकून घेऊन त्यांनी टॉवेल भिजत घातले.

रोजच्या वापरात आहेत. पाणी उत्तम टिपतात.